आधी ओळख, मग ऑर्डर: ब्रँडवरच्या खर्चाने पुढचा कन्व्हर्जन रेट किती वाढतो, हे खानदेशात कसं मोजायचं

मार्च लागला की जळगाव-धुळ्याकडच्या फोनवर छतावरच्या सोलरच्या जाहिरातींची रांग लागते. भुसावळचा पारा चाळिशीपार जातो, घरोघरी कूलर दिवसरात्र चालतात आणि बिलाचा आकडा बघून माणूस सोलरची चौकशी करायला लागतो. त्याला दिसणाऱ्या बहुतेक जाहिरातींत ठळक ओळ एकच असते: तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान. हे अनुदान फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं आहे आणि नोंदणीकृत विक्रेता कोणताही असला तरी रक्कम तेवढीच मिळते. म्हणजे जाहिरातीतला सगळ्यात मोठा मुद्दा सगळ्यांकडे सारखाच. अशा वेळी दोन लाखांच्या आसपासचं काम कोणाला द्यायचं, हे ग्राहक बऱ्याच अंशी ओळखीच्या नावावरून ठरवतो.

ती ओळख आधीच्या महिन्यांत तयार झालेली असते. तिच्यावर केलेला खर्च म्हणजे ब्रँड मार्केटिंग. मार्चमध्ये गुगलवर ‘सोलर पॅनल किंमत’ शोधणाऱ्यासमोर जाहिरात ठेवून त्याच्याकडून फॉर्म भरून घेणं म्हणजे परफॉर्मन्स मार्केटिंग. पहिल्यात आज खरेदीचा विचारही नसलेल्या माणसांशी बोलायचं असतं, दुसऱ्यात आजच घ्यायला निघालेल्यांशी. दुसऱ्याचा हिशोब रोज स्क्रीनवर दिसतो. पहिल्याचा दिसत नाही, म्हणून पैसे कमी पडले की कात्री तिथेच लागते. पहिल्या खर्चाने दुसऱ्याचा कन्व्हर्जन रेट, म्हणजे जाहिरात दाबणाऱ्यांपैकी पुढे चौकशी आणि ऑर्डर करणाऱ्यांचं प्रमाण, किती वाढला, हे लहान दुकानालाही मोजता येतं. त्यासाठी खानदेशातली चार शहरं आणि एक वर्षाची शिस्त पुरेशी आहे. पुढे तीच पद्धत एका सोलर विक्रेत्याच्या नमुन्यावर दाखवतो. उदाहरणातले आकडे हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत. तुमचे वेगळे येतील, रीत तीच राहील.

रिपोर्टमध्ये हे का दिसत नाही

समजा, अमळनेरच्या एका माणसाने डिसेंबरात बाजारात जाता-येता एका भिंतीवर तुमचं नाव रोज वाचलं. जानेवारीत तुमची अहिराणीतली रील पाहिली. एप्रिलमध्ये बिल आल्यावर त्याने गुगलवर शोधलं, चार जाहिराती दिसल्या, त्यातलं ओळखीचं नाव दाबलं आणि फॉर्म भरला. गुगल अ‍ॅड्सच्या खात्यात ही चौकशी त्या एका क्लिकच्या नावावर जमा होईल. चौकशी एखाद्या क्लिकच्या नावावर धरायची गुगल अ‍ॅड्समधली मुदत सहसा क्लिकनंतर ३० दिवस असते. फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटावर नेहमीची मुदत क्लिकनंतर सात दिवस आणि नुसती जाहिरात पाहिल्यानंतर एक दिवस. डिसेंबरची भिंत या दोन्ही मुदतींच्या बाहेर आहे, आणि भिंतीवर क्लिक होतच नाही.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. अनेक खात्यांत सगळ्यात स्वस्त चौकशी दुकानाच्या स्वतःच्या नावाच्या कीवर्डवर, म्हणजे गुगलवर शोधताना टाइप केलेल्या शब्दावर, मिळते, आणि मालक ते परफॉर्मन्सचं यश समजतो. पण ज्याने तुमचं नाव टाइप केलं तो तुमच्याकडे निघालेलाच होता. ईबेने २०१२ मध्ये याची सरळ चाचणी घेतली होती. स्वतःच्या नावाच्या शोधांवरच्या जाहिराती त्यांनी काही सर्च इंजिनांवर बंद केल्या, तेव्हा गेलेले जवळपास सगळे क्लिक खालच्या फुकटच्या लिंकवरून परत आले. थॉमस ब्लेक, ख्रिस नोस्को आणि स्टीव्हन टाडेलिस या तिघांनी केलेला हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान दुकानासाठी त्यातून एक काम लगेच निघतं: आपल्या नावाचे कीवर्ड वेगळ्या कॅम्पेनमध्ये टाका आणि त्यांचे आकडे बाकीच्यांत कधीही मिसळू देऊ नका. ते मिसळले तर कन्व्हर्जन रेट कशामुळे हलला, हे नंतर कोणालाच सांगता येणार नाही.

म्हणून मोजणी खात्याबाहेरून करावी लागते. काही गावांत ब्रँडवर खर्च करायचा, तशाच दुसऱ्या काही गावांत करायचा नाही, आणि नंतर सगळीकडे सारखीच परफॉर्मन्स जाहिरात चालवून फरक पाहायचा.

गावं निवडताना

सगळी चाचणी या पायरीवर उभी असते, म्हणून इथे घाई करू नका.

आपल्या नमुन्यातलं दुकान जळगावात आहे आणि चार शहरांत काम घेतं: अमळनेर, चोपडा, चाळीसगाव आणि शिरपूर. अमळनेर आणि चाळीसगाव या दोन्ही शहरांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत लाखाच्या थोडी आत होती, आणि दोन्ही रेल्वेमार्गावर आहेत. चोपडा आणि शिरपूर त्याहून लहान, सत्तर-पंचाहत्तर हजारांच्या घरातली. अमळनेर-चोपड्यात ब्रँडवर खर्च करायचा, चाळीसगाव-शिरपुरात नाही. पहिल्या जोडीला चाचणीची गावं म्हणू, दुसरीला तुलनेची.

जळगाव शहर आणि भुसावळ मुद्दाम बाहेर ठेवलं आहे. त्यांच्यात रोज हजारो लोकांची ये-जा असते, त्यामुळे एका ठिकाणची जाहिरात दुसरीकडे पोचते. रावेर-यावलही तुलनेला घेऊ नका. तो केळीचा पट्टा आहे, आणि तिथे हातात पैसा येण्याचं वेळापत्रक केळीच्या भावावर चालतं. त्या वर्षी भाव चढला तर तुमच्या जाहिरातीशी संबंध नसताना ऑर्डरी वाढतील.

लोकसंख्येपेक्षाही मोठी कसोटी म्हणजे मागच्या वर्षीची तुमची स्वतःची वही. मागच्या मार्च ते मेमध्ये दोन्ही जोड्यांत क्लिक, चौकशा आणि ऑर्डरी साधारण सारख्या होत्या का? असतील तर जोडी चालेल. एकीकडे दुप्पट असतील तर दुसरी शहरं शोधा. मागच्या वर्षीची नोंदच नसेल तर एक हंगाम नुसती नोंद ठेवा आणि चाचणी पुढच्या वर्षी घ्या.

नोंद कशी ठेवायची, हेही इथेच सांगतो. ग्राहकाचं गाव वेबसाइटच्या अ‍ॅनालिटिक्समधून घेऊ नका. मोबाईल डेटावरच्या माणसाचं शहर तिथे आयपी पत्त्यावरून ठरतं, आणि चोपड्यात बसलेला माणूस बरेचदा मुंबई किंवा पुण्याचा म्हणून दिसतो. फॉर्ममध्ये ‘घर कोणत्या तालुक्यात’ हा रकाना ठेवा, फोनवरही तेच विचारा, आणि ऑर्डर झाल्यावर महावितरणच्या बिलावरचा पत्ता अंतिम धरा. बिल तुम्हाला अर्जासाठी घ्यावंच लागतं, त्यामुळे वेगळे कष्ट नाहीत.

डिसेंबर ते मार्चचा मध्य: ओळख तयार करणं

ब्रँडच्या खर्चाला चौदा आठवडे आणि तीन लाख रुपये धरू. हा सगळा पैसा फक्त अमळनेर आणि चोपड्यात जाणार. माध्यमं दोन-तीनच घ्या: रंगवलेल्या भिंती, अहिराणी रील्स आणि आठवडे बाजारातलं एक टेबल. एसटीच्या मागचं पॅनल स्वस्त वाटतं, पण या चाचणीत ते घेऊ नका. चोपडा आगाराची गाडी शिरपूरला जाते, आणि तुमची जाहिरात तुलनेच्या गावात पोचवते. जिल्हाभर जाणारं वर्तमानपत्र आणि रेडिओही याच कारणाने बाद.

भिंत जवळून पाहू. घरमालकाची लेखी संमती आणि नगरपालिकेची परवानगी घ्या. जागा अशी हवी की बाजारातून घरी परतणारा माणूस रोज तिच्यासमोरून जाईल. हायवेवरची भिंत मोठी दिसते, पण तिथून जाणारे बरेचसे लोक त्या गावचे नसतात. दुचाकीवरच्या माणसाला वाचायला दोन-तीन सेकंद मिळतात, म्हणून भिंतीवर पाच-सहाच शब्द: पिवळ्या रंगावर निळ्या अक्षरांत दुकानाचं नाव, आणि खाली ‘बसवल्यानंतरही येतो’. सोलर घेणाऱ्याची खरी भीती हीच असते की पैसे घेतल्यावर विक्रेता फोन उचलणार नाही. भिंतीवर पेंटर फोन नंबर, अनुदान, बँकेचं कर्ज, पाच कंपन्यांची नावं असं सगळं मागतो, कारण रिकामी जागा त्याला बघवत नाही. ते येऊ देऊ नका. भिंतीचं काम एकच आहे: पिवळा-निळा रंग, तुमचं नाव आणि एक वचन डोक्यात एकत्र बसवणं.

रील्समध्येही तोच पिवळा-निळा, तोच चेहरा आणि तेच वचन. मेटावर उद्दिष्ट Awareness ठेवा, Leads नाही. Leads निवडलं की यंत्रणा फॉर्म भरण्याची शक्यता असलेल्या थोड्या लोकांनाच जाहिरात पुन्हापुन्हा दाखवते. तुम्हाला तर आज विचारही न करणारे लोक हवे आहेत. शहराभोवती दहा-बारा किलोमीटरचा घेर टाका, वय घरमालकाचं धरा, आणि एका माणसाला आठवड्यात दोन-तीनदा दिसेल एवढं बजेट ठेवा. चौदा आठवड्यांत चार-पाच रील्स पुरतात. एकीत अमळनेरच्याच एका घराचं मार्चचं आणि मेचं बिल शेजारी-शेजारी दाखवा, घरमालकाची परवानगी घेऊन आणि ग्राहक क्रमांक झाकून. दुसरीत पॅनलवरची धूळ कशी धुवायची ते दाखवा. खानदेशातल्या उन्हाळ्यात ही रोजची अडचण आहे, आणि विक्रीनंतरही तुम्ही येता हे वचन त्यातून न बोलता सांगितलं जातं. अनुदानाची रक्कम या रील्समध्ये नको. ती मार्चसाठी राखून ठेवा.

खर्च सुरू करण्याआधी आणि संपल्यावर एक छोटी विचारपूस करा. चारही गावांच्या आठवडे बाजारात स्वतःचं घर असलेल्या पन्नास-पन्नास जणांना एकच प्रश्न: “सोलर म्हनं की कोनं नाव ध्यानमा येस?” नावांची यादी त्यांच्यासमोर वाचू नका, जे आपणहून येईल तेच लिहा. विचारणारा तुमच्या दुकानाचा टी-शर्ट घालून उभा नसावा. चाचणीच्या गावात तुमचं नाव पन्नासातल्या दोघांवरून अकरा जणांवर गेलं आणि तुलनेच्या गावात दोघांवरच राहिलं, तर ब्रँडचं काम झालंय एवढं कळतं. नाव इथेच हललं नसेल तर मार्चमध्ये कन्व्हर्जन रेट वाढण्याची आशा धरू नका. तेव्हा जाहिरातीतला मजकूर किंवा जागा तपासा.

मार्चचा मध्य ते मे: चारही गावांत सारखी परफॉर्मन्स जाहिरात

आता सगळीकडे तीच जाहिरात, तेवढंच बजेट, तोच फॉर्म. जाहिरातीत अनुदानाचा आकडा येऊ द्या, पण पिवळा-निळा रंग, चेहरा आणि ‘बसवल्यानंतरही येतो’ हे जसंच्या तसं ठेवा. ही गोष्ट लोक सर्रास विसरतात. हिवाळ्यात एक चेहरा दाखवला आणि मार्चमध्ये एजन्सीने बनवलेलं हिरव्या रंगाचं दुसरंच चित्र लावलं, तर माणसाला दोन्ही एकाच दुकानाचे आहेत हे कळत नाही. मग डिसेंबरच्या खर्चाचा उपयोग क्लिकच्या क्षणी होत नाही.

इथे एक तांत्रिक खड्डा आहे, आणि बऱ्याच चाचण्या त्यात पडतात. चारही गावं एका कॅम्पेनमध्ये टाकली तर आपोआप बोली लावणारी यंत्रणा जिथे चौकशा जास्त येतात तिकडे पैसा वळवते. अमळनेरात लोक जास्त फॉर्म भरायला लागले की चाळीसगावचा पैसाही तिकडे जातो. शेवटी अमळनेरच्या जास्त ऑर्डरी ब्रँडमुळे की जास्त पैशामुळे, हे सांगता येत नाही. म्हणून दोन्ही जोड्यांची कॅम्पेन वेगळी, रोजचं बजेट ठरलेलं, आणि हंगामात त्यांना हात लावायचा नाही. गुगलमध्ये ठिकाणाच्या सेटिंगमध्ये Presence: People in or regularly in your included locations हा पर्याय निवडा. दुसरा पर्याय त्या गावाविषयी फक्त रस दाखवणाऱ्यांनाही धरतो, आणि पुण्यात राहणारा मूळचा अमळनेरकर तुमच्या आकड्यांत येतो.

दुसरा खड्डा माणसांचा. चौकशीचा फोन उचलणारी दोन माणसं असतील आणि त्यातलं हुशार माणूस फक्त अमळनेर-चोपडा बघत असेल, तर ऑर्डरीतला फरक त्याचा असू शकतो. चारही गावांच्या चौकशा दोघांना आळीपाळीने वाटा. दर आणि सूट सगळीकडे सारखी ठेवा. फोनवर शेवटी एक प्रश्न विचारा: “भाऊ, आमचं नाव याच्या आधी कुठे ऐकलं होतं?” ‘गुगलवर’ असं उत्तर येईलच, पण ‘तुम्हीच ना ते पिवळ्या भिंतीवाले’ असं म्हणणारेही भेटतील. त्यांची वेगळी नोंद ठेवा. मात्र पैशाचा हिशोब या उत्तरांवर मांडू नका, कारण माणसाला शेवटची गोष्टच आठवते.

हंगाम संपल्यावरचा हिशोब

परफॉर्मन्सवर दोन्ही जोड्यांत प्रत्येकी एक लाख वीस हजार खर्च झाले, मागच्या वर्षीइतकेच. नावाचे कीवर्ड सोडून जाहिरातींतून असं चित्र आलं असं समजू:

| | क्लिक | चौकशा | जाहिरातीतून ऑर्डरी | थेट आलेल्या ऑर्डरी |
|---|---|---|---|---|
| अमळनेर-चोपडा, मागचं वर्ष | ६,००० | १८० | १८ | १० |
| अमळनेर-चोपडा, या वर्षी | ६,६०० | २६४ | ३७ | २२ |
| चाळीसगाव-शिरपूर, मागचं वर्ष | ६,२०० | १८६ | १९ | ११ |
| चाळीसगाव-शिरपूर, या वर्षी | ६,१०० | १८९ | २१ | १३ |

थेट आलेल्या म्हणजे दुकानाचं नाव शोधून, फोन करून किंवा स्वतः चालत येऊन दिलेल्या.

आधी चाचणीच्या गावांतली साखळी पाहा. तेवढ्याच पैशात क्लिक दहा टक्के वाढले, कारण ओळखीच्या नावावर बोट लवकर पडतं. जास्त क्लिक होणारी जाहिरात गुगलला चांगली वाटते, त्यामुळे एका क्लिकचा दरही थोडा उतरतो. क्लिकवरून चौकशी करणारे ३ टक्क्यांवरून ४ टक्के झाले. चौकशीवरून ऑर्डर देणारे १० टक्क्यांवरून १४ टक्के. प्रत्येक पायरीवरची वाढ एकेकटी पाहिली तर बेताची आहे, पण त्या एकमेकींशी गुणल्या जातात, आणि १८ च्या ३७ ऑर्डरी होतात. ब्रँडचा परिणाम फक्त वेबसाइटच्या कन्व्हर्जन रेटमध्ये शोधणाऱ्यांच्या हाती म्हणूनच त्याचा एक तुकडाच लागतो. फोनवर भाव पाडण्यासाठी कमी घासाघीस होणं, ‘घरात विचारून सांगतो’ म्हणणारा खरंच परत फोन करणं, हा भाग वेबसाइटच्या आकड्यात नसतो.

गुगलचं खातं मात्र ही गोष्ट वेगळीच सांगेल. तिथे एका ऑर्डरचा खर्च सुमारे ६,६७० रुपयांवरून ३,२४० वर आलेला दिसेल आणि भिंतीचा उल्लेखही नसेल. हाच कागद हातात घेऊन मालक म्हणतो की गुगल जोरात चाललंय, तीन लाख भिंतींवर कशाला घालायचे, ते पण गुगललाच द्या. दोन जोड्या शेजारी ठेवल्याशिवाय याला उत्तर देता येत नाही.

आता ब्रँडचा वाटा काढू. यासाठी सगळ्या ऑर्डरी धरायच्या, थेट आलेल्याही. चाळीसगाव-शिरपुरात ३० च्या ३४ झाल्या, म्हणजे ब्रँड नसतानाही बाजार तेवढा वाढलाच होता. त्याच प्रमाणात अमळनेर-चोपड्यात २८ च्या सुमारे ३२ झाल्या असत्या. प्रत्यक्षात झाल्या ५९. जादा २७.

तीन लाख भागिले २७ केलं की एका जादा ऑर्डरमागे ब्रँडचा खर्च सुमारे ११,१०० रुपये येतो. माल, मजुरी आणि फेऱ्या वजा जाऊन एका ऑर्डरमागे २२ हजार उरत असतील, तर २७ ऑर्डरींचे ५ लाख ९४ हजार होतात. खर्च काढून २ लाख ९४ हजार शिल्लक. खर्च भरून निघायला १४ जादा ऑर्डरी पुरेशा होत्या. हा १४ चा आकडा डिसेंबरआधीच वहीत लिहून ठेवा, म्हणजे जूनमध्ये निकाल पाहून कसोटी बदलायचा मोह होणार नाही.

२७ या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा

तीस-पस्तीस ऑर्डरींच्या खेळात नशिबाचा हात मोठा असतो. एखाद्या सोसायटीतल्या चार जणांनी एकदम ठरवलं की आकडा फिरतो. या कोष्टकातल्या लहान संख्यांचा विचार करून संख्याशास्त्राच्या नेहमीच्या रीतीने अंदाज काढला, तर खरी जादा ऑर्डर दोन-तीनपासून पन्नासपर्यंत कुठेही असू शकते. परिणाम झाला असावा हे बऱ्यापैकी खरं, पण तो १४ च्या वर आहेच असं छातीठोक सांगता येत नाही.

म्हणून दोन आकडे दोन कामांसाठी वापरा. परिणाम झाला की नाही, हे चौकशांवरून ठरवा, कारण त्या संख्येने जास्त आहेत. तुलनेच्या गावांच्या वाढीने अमळनेर-चोपड्यात १८३ चौकशा अपेक्षित होत्या, आल्या २६४. ८१ चा हा फरक योगायोगाने पडणं अवघड आहे. पैसे वसूल झाले का, हे ऑर्डरींवरून ठरवा, आणि तिथे एका हंगामावर थांबू नका. चारच्या जागी आठ गावं घेता आली तर उत्तमच, पण लहान दुकानाला दुसरा हंगाम जास्त परवडतो.

एक गोष्ट उलटी दिसू शकते आणि तिने घाबरू नका. कधीकधी ब्रँडच्या खर्चानंतर जाहिरातीचा कन्व्हर्जन रेट खाली येतो आणि तरीही एकूण ऑर्डरी वाढलेल्या असतात. नाव माहीत झाल्यामुळे अर्धवट उत्सुक लोकही जाहिरात दाबतात, आणि खरे इच्छुक जाहिरात टाळून थेट फोन करतात. त्यामुळे जाहिरातीच्या वाट्याला हलका गठ्ठा येतो. म्हणूनच वरच्या कोष्टकात शेवटचा रकाना आहे. तो नसता तर १२ जास्तीच्या ऑर्डरी कुठेच दिसल्या नसत्या.

हा खर्च केव्हा करू नये

मागणी आधीच दारात असताना ती उचलता येत नसेल तर ब्रँडवर पैसे घालू नका. गुगल अ‍ॅड्समध्ये Search lost IS (budget) हा रकाना उघडा. तो मोठा असेल, म्हणजे लोक शोधताहेत आणि बजेट संपल्यामुळे तुमची जाहिरात दिसत नाहीये, तर आधी ते भरून काढा. चौकशीला फोन दुसऱ्या दिवशी जात असेल तर तेही आधी सुधारा. आणि बसवलेल्या घरांचे नेट मीटर महिनोन्‌महिने अडकले असतील तर भिंत रंगवू नका. अमळनेरसारख्या गावात नाराज ग्राहकाचं म्हणणं तुमच्या रीलपेक्षा आधी पोचतं, आणि ‘बसवल्यानंतरही येतो’ हे वाचून लोक हसतील.

ब्रँड आणि परफॉर्मन्समध्ये पैसा कसा वाटायचा, यावर ६०:४० हे प्रमाण सारखं ऐकू येतं. लेस बिनेट आणि पीटर फील्ड यांनी ब्रिटनमधल्या जाहिरात-मोहिमांचा अभ्यास करून ते सरासरी म्हणून मांडलं. ते मोठ्या, बऱ्यापैकी जुन्या ब्रँडच्या मोहिमांवर आधारलेलं आहे. चार तालुक्यांतल्या दुकानाने ते जसंच्या तसं उचलू नये. आपलं प्रमाण आपल्या कोष्टकातून काढावं.

दुसऱ्या वर्षी

पहिला हंगाम चांगला गेला की बरेच जण ब्रँडचा खर्च थांबवतात, आणि पुढचे काही महिने काहीच बिघडत नाही. त्याचं कारण समजून घ्या. सायमन ब्रॉडबेंट यांनी १९७९ मध्ये जाहिरातीच्या साठ्याची कल्पना मांडली. प्रत्येक आठवड्याचा परिणाम पुढच्या आठवड्यात थोडा उरतो आणि हळूहळू झिजतो. हिशोब असा:

```
साठा(हा आठवडा) = खर्च(हा आठवडा) + 0.8 × साठा(मागचा आठवडा)
```

इथे ०.८ हा नमुन्याला घेतलेला आकडा आहे. दर आठवड्याला दहा हजार असे दहा आठवडे खर्च केले तर साठा सुमारे ४४,६०० होतो. मग खर्च बंद केला तर तीन आठवड्यांत तो जवळपास निम्मा होतो आणि आठ आठवड्यांनी सुमारे साडेसात हजारांवर येतो. भिंत उभी असते तोवर तिचा परिणाम मिळत राहतो, त्यामुळे तिची झीज हळू, रीलची झपाट्याने. म्हणूनच ब्रँडचा खर्च मार्चच्या मध्यापर्यंत आणून ठेवला. दिवाळीला संपवला असता तर एप्रिलच्या बिलापर्यंत फारसं काही उरलं नसतं.

दुसऱ्या वर्षी जोड्यांची अदलाबदल करा. चाळीसगाव-शिरपुरात डिसेंबरपासून पूर्ण तीन लाखांचा खर्च, आणि अमळनेर-चोपड्यात फक्त भिंतींचा रंग ताजा करणं आणि दोन नव्या रील्स, म्हणजे पहिल्या वर्षाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका पैसा. चाळीसगाव-शिरपुरातही चौकशा तशाच वाढल्या, तर पहिल्या वर्षीचा फरक गावाच्या स्वभावाचा नव्हता हे पक्कं होतं. अमळनेर-चोपडा एक लाखात पहिल्या वर्षाच्या जवळपास टिकलं, तर ओळख तयार करायला किती लागतं आणि राखायला किती, हे दोन वेगळे आकडे तुमच्या हातात येतात. अशा वर्षी कोरं राहिलेलं गाव उरत नाही, म्हणून पारोळा किंवा शहादा यांपैकी एखादं नवं शहर खर्चाविना तुलनेला जोडून घ्या, आणि त्याची मार्च ते मेची नोंद याच वर्षापासून ठेवायला लागा.